‘सर, दोन मिनिटं बोलू?’

मी चार वर्षं फोंड्यातल्या एका ज्येष्ठ स्ट्रक्चरल इंजिनियरांच्या ऑफिसात होतो. आठ महिन्यांपूर्वी म्हापशात स्वतःचं काम सुरू केलं. अडलं की सरांना फोन करतो, आठवड्यात तीन-चारदा होतंच. त्यांनी कधी ‘नको’ म्हटलं नाही. पण गेल्या महिन्यात दोनदा त्यांनी फोन उचलला नाही आणि नंतर परतही केला नाही. ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. मला नियमित मार्गदर्शन हवंय, पण त्यांच्या गळ्यात पडल्यासारखं नको. कसं विचारू? पैसे देऊ करावेत का?

---

तुझे सर रागावलेत असं मला वाटत नाही. मी आज त्यांच्या बाजूला बसलेला माणूस आहे. डिचोलीत माझं छोटं ऑफिस आहे, तीस-एक वर्षं हेच काम करतोय, आणि तुझ्यासारखे तीन-चार जण मलाही फोन करतात. तेव्हा आधी फोनच्या या टोकाला काय होतं ते सांगतो.

समज, तू विचारतोस, “सर, दोन मिनिटं. साडेचार मीटरचा बीम आहे, वर भिंत आहे, साडेचारशे मिलिमीटर खोली पुरेल का?” तुझ्यासमोर नकाशा उघडा आहे. सरांच्या समोर भाजी निवडायला ठेवलेली परात. त्यांना आता तो बीम डोक्यात उभा करायचा आहे. भिंत चिऱ्याची की हलक्या ब्लॉकची? दोघींच्या वजनात अडीच-तीन पटींचा फरक पडतो. स्लॅब एका बाजूने येतोय की दोन्ही? टोकं कॉलमवर बसलीत की दुसऱ्या बीमवर? एकेक प्रश्न विचारत ते अर्धा नकाशा तुझ्याकडून काढून घेतात, मग म्हणतात, “पुरेल, पण खाली वाकतोय किती ते तपास.” दोन मिनिटांची वीस झाली, ते एक वेळ चालेल. खरा त्रास फोन ठेवल्यावर सुरू होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना आठवतं, की त्या भिंतीवर पाण्याची टाकी आहे का हे विचारायचं राहिलं. अर्धवट माहितीवर आपण ‘पुरेल’ म्हणून बसलो, हा भुंगा मग सकाळपर्यंत जात नाही.

माझ्याकडून हे एकदा उलट बाजूने घडलंय. मी नवखा होतो. एका घराच्या पायाचे खड्डे खणून झाले आणि तिथूनच मी माझ्या सरांना फोन लावला, “जांभा लागलाय, फुटिंग बसवू?” ते म्हणाले, “जांभा आहे ना? बसव.” जागा उताराच्या कडेला होती आणि जांभ्याचा थर जेमतेम हातभर होता, हे मी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे हेच मला कळत नव्हतं. आपल्याकडे जांभ्याच्या कठीण टोपीखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट-गुलाबी माती असते. पावसाचं पाणी मुरलं की ती दम सोडते. दुसऱ्या पावसाळ्यात त्या घराच्या कोपऱ्यात प्लिंथपासून खिडकीपर्यंत तिरकी भेग गेली. घर पडलं नाही, दुरुस्ती झाली. सही माझी होती, जबाबदारीही माझीच. पण माझ्यापेक्षा सरांना जास्त लागलं. त्यानंतर ते फोनवर कुठल्याच पायाबद्दल बोलले नाहीत. ‘ये, कागद घेऊन ये’ एवढंच म्हणायचे.

म्हणून सरांचा किती वेळ घेतोस यापेक्षा त्यांना न मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावतोस का, हे आधी पाहा. वेळ त्यातूनच वाचतो.

आता विचारायचं काय, हे. मी स्वतःसाठी एक चाळणी ठेवली होती आणि माझ्याकडे येणाऱ्यांनाही तीच देतो. ज्याचं उत्तर आयएस कोडमध्ये छापलेलं आहे, ते सरांना विचारायचं नाही. खाऱ्या हवेत सळईवर काँक्रीटचं किती कव्हर, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं, ही उत्तरं काँक्रीटचा कोड, आयएस ४५६, उघडला की मिळतात आणि ती शोधायचा आळस हेच फोनचं कारण असेल तर तो फोन टळलाच पाहिजे. तुझ्या तीन-चार फोनांतले निम्मे याच जातीचे असतील अशी माझी शंका आहे. राग मानू नकोस, माझेही तसेच होते. दुसरे प्रश्न कोडच्या दोन ओळींच्या मधल्या जागेतले. तिथे आकडा आहे, पण तुझ्या साइटला तो लागू होतो की नाही हे कोड सांगत नाही. हे विचारायचे, कारण चाळीस वर्षं इमारती बघितलेल्या माणसाकडे तेच असतं. तिसरा प्रकार म्हणजे ‘सर, हे डिझाइन एकदा बघून द्याल का?’ तो प्रश्नच नाही, ते काम आहे. त्याच्याकडे पैशांच्या वेळी येतो.

चार वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने माझ्याकडे रीतसर मागणी केली. तीही आधी फोनच करायची. तिने पाठवलेला मजकूर तिच्या परवानगीने देतो, कारण त्याहून चांगला मला सुचत नाही:

“सर, नमस्कार. चवथ आटोपल्यावर वाचलंत तरी चालेल, घाई नाही. मी अधूनमधून फोन करून तुम्हाला अडवते, ते बंद करून नीट शिकायचं आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर, एकाआड एक शनिवारी, सकाळी दहाला मी डिचोलीला येईन आणि चाळीस मिनिटांत उठेन. असं सहा वेळा. आदल्या गुरुवारी एक पान पाठवीन, त्यात जास्तीत जास्त दोन प्रश्न आणि माझं उत्तर असेल. नाताळाआधी हे थांबेल, पुढचं तेव्हा बघू. डिझाइन तपासून मागणार नाही. तुम्हाला सध्या जमणार नसेल तर नुसतं ‘पुढे बघू’ लिहा, मी समजेन.”

या मजकुरात ‘मार्गदर्शक व्हा’ असं कुठेही नाही. ‘तुम्ही माझे गुरू व्हा’ म्हटलं की माझ्यासारखा माणूस घाबरतो, कारण त्याला शेवट नाही. इथे मला हिशेब मांडता आला. सहा वेळा चाळीस मिनिटं म्हणजे चार तास, पानं वाचायला आणखी एक. तीन महिन्यांत पाच तास. तिच्या फोनांत याहून जास्त जात होते, फक्त तुकड्यांत जात असल्यामुळे दोघांनाही दिसत नव्हते.

दुसरं, येणार ती, जाणार ती, उठणारही तीच. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला ‘आता जा’ म्हणता येत नाही. चहा होतो, मग उकडलेले चणे होतात, मग जेवूनच जा. म्हणून उठण्याची जबाबदारी पाहुण्याने घ्यायची. ती पावणेअकराच्या आत खरोखर उठायची, मी बोलण्याच्या भरात असलो तरी. पहिल्यांदा मला ते जरा लागलं. तिसऱ्या वेळेपासून शनिवारची मी वाट बघायला लागलो.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. जुनी माणसं भिडस्त. जुन्या शिष्याला ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नाही, म्हणून ती फोन उचलत नाहीत. तुझ्या सरांचं हेच झालं असावं. नकाराला तू स्वतः एक सोपा शब्द देऊन ठेवलास की त्यांना पळवाट शोधावी लागत नाही. आणि हे समोर बसून विचारू नकोस. लिहून पाठव, दोन-चार दिवस जाऊ दे, मग हवं तर फोन कर. समोर बसून विचारलं की ते ‘ये रे, कधीही ये’ म्हणतील आणि त्या ‘कधीही’चा अर्थ दोघांनाही ठाऊक नसेल. पाठवताना दुपारी एक ते चार सोड. फोंड्यात त्या वेळी फोन वाजवणाऱ्याला पुण्य लागत नाही.

आता ते एक पान. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नियमित मार्गदर्शन टिकतं की विरतं ते या पानावर ठरतं.

तिच्या दुसऱ्या पानावरचा प्रश्न सांगतो. मांद्रेला तळमजला अधिक एक असं घर होतं. किनाऱ्यापासून साधारण सातशे मीटर आत, मध्ये माडांची बाग, उत्तरेला छोटी टेकडी. वर हाताने काढलेलं रेखाचित्र, त्यात समुद्र कुठल्या दिशेला, टेकडी कुठे, खोल्या कुठे. खाली तिने लिहिलं होतं: ‘किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला कोड तीव्र वर्गात घालतं. एम ३० काँक्रीट, कव्हर ४५ मिलिमीटर. किनारपट्टीतच, पण खाऱ्या हवेपासून आडोशाला असेल तर मध्यम. एम २५, कव्हर ३०. माझं घर यातलं कुठलं? मला मध्यम वाटतं, कारण माडांचा आडोसा आहे. खात्री नाही, कारण पावसाळ्यातला वारा माडांना जुमानतो का हे मला माहीत नाही. कंत्राटदार एम २५ वर अडून बसलाय.’

एवढंच. अर्धं पान. पण बघ, कोडमधलं तिने स्वतः शोधलं होतं, स्वतःचं उत्तर दिलं होतं, ते उत्तर कुठल्या ठिकाणी डळमळतं ते दाखवलं होतं, आणि बाहेरून दबाव कुणाचा आहे तेही लपवलं नव्हतं. मला पान वाचायला सहा-सात मिनिटं लागली. शनिवारी ती आली तेव्हा घर माझ्या डोक्यात आधीच उभं होतं.

मी तिला उत्तर दिलं नाही. विचारलं, “शेजारची घरं बघितलीस?” ती म्हणाली नाही. म्हटलं, दहा-पंधरा वर्षं जुनं घर शोध. त्याच्या पश्चिमेच्या खिडक्यांचे गज बघ, मग पूर्वेचे बघ. बाल्कनीखाली उभी राहून तिचं पोट बघ. सळईच्या रेषेत भेग किंवा तांबूस डाग दिसतोय का? क्षार सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. टेबलातलं ‘आडोशाला’ म्हणजे काय, हे तिथले गज पंधरा वर्षं लिहीत असतात. (माझ्या पिढीला हा धडा वेगळा शिकवावा लागला नाही. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो.)

पुढच्या पानावर तिचा निकाल आला. पश्चिमेचे गज पापुद्रे सुटलेले, पूर्वेचे जवळपास ठीक. एका बाल्कनीच्या पोटात दोन सळ्या उघड्या. तिने स्वतःच ठरवलं होतं, की बाहेरच्या हवेला लागणाऱ्या भागांना तीव्र वर्ग लावायचा, आतल्यांना मध्यम, आणि म्हणून बाहेर एम ३०, आत एम २५.

इथे मी पहिल्यांदा माझं मत घातलं. साइटवर मिक्सर एक, मिस्त्री एक. दुपारी तीन वाजता उन्हात ‘हे एम ३०चं, ते एम २५चं’ कुणी लक्षात ठेवत नाही. वरचं सगळं बांधकाम एम ३० कर, कव्हर मात्र बाहेरच्यांना ४५ आणि आतल्यांना ३० ठेव. आणि ४५चे कव्हर ब्लॉक साइटवर आलेत का ते स्वतः मोज. नाहीतर मिस्त्री हाताशी असलेले पंचवीसचे लावेल किंवा खडीचा तुकडा सरकवेल, आणि तुझा सगळा विचार नकाशावरच राहील.

मग मी विचारलं, “छज्जा कुठे आहे?” पानावर छज्जा नव्हताच. कॉलम, बीम, स्लॅब सगळं होतं, पण खिडकीवरचं ते छोटं पान ती विसरली होती. खाऱ्या पट्ट्यात सगळ्यात आधी मरतो तो छज्जा. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि कामगार तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबतात. शंभर मिलिमीटर जाडीत वरून ४५ कव्हर गेलं की सळईच्या कामाची खोली जेमतेम पन्नास उरते. तिने तो दीडशेचा केला, मग ती खोली शंभरापर्यंत गेली. कंत्राटदार कुरकुरला, तिने गजांचे फोटो दाखवले, तो गप्प बसला.

हे दोन शनिवारांचं काम होतं. ‘सर, मांद्रेला कव्हर किती ठेवू?’ असा फोन आला असता तर मी ‘पंचेचाळीस ठेव’ म्हणालो असतो. उत्तर बरोबरच होतं. छज्जा तसाच राहिला असता.

तर गुरुवारचं पान असं: एक रेखाचित्र, एक किंवा दोन प्रश्न, कोड काय म्हणतं, तू काय ठरवलंस, आणि खात्री कुठे नाही. संपूर्ण नकाशा, सॉफ्टवेअरचे चाळीस पानी निकाल, असलं काही जोडू नकोस. सर ते उघडतील, कारण त्यांना शिस्त आहे, आणि मग एक पान वाचायला सांगून तू त्यांना दोन तास बसवलंस असं होईल. भेटीनंतर त्याच पानाच्या मागे तीन ओळी लिहून त्याच संध्याकाळी पाठव: काय ठरलं, तू काय करणार, कधी करणार. ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हे त्यात लगेच पकडलं जातं. माझ्या फुटिंगच्या वेळी ही तीन ओळींची सवय असती तर सरांनी ‘थर किती जाड?’ असं उलट विचारलं असतं.

पान पाठवायला काही नसेल तर? शनिवार सोड. ‘या वेळी अडलेलं काही नाही, पुढच्या वेळी येतो’ असं बुधवारी कळव. तिने सहापैकी एक असा सोडला. भेटायचं ठरलंय म्हणून प्रश्न बनवून आणणारा माणूस लगेच ओळखू येतो.

तातडीच्या फोनाबद्दल. उद्या सकाळी स्लॅब आहे आणि संध्याकाळी सहाला तुला दिसतं की एका बीमच्या वरच्या सळ्या कमी पडल्यात. हा फोन करायचा की नाही? आमचं ठरलं होतं, की आधी काम थांबव, मग फोन कर. ओतलेलं काँक्रीट परत येत नाही, पण न ओतलेलं एक दिवस थांबू शकतं, कंत्राटदार काहीही म्हणो. काम थांबवल्यावर गंमत अशी होते की तातडी अर्धी उरते आणि पुष्कळदा तुला स्वतःलाच उत्तर सापडतं. तीन महिन्यांत तिचे असे फोन दोन आले. एक खरोखरचा होता. दुसऱ्यात तिला फक्त कंत्राटदाराला ‘थांब’ सांगायला कुणाचा तरी पाठिंबा हवा होता. तोही मी दिला.

आता पैसे. शनिवारच्या बसण्याचे पैसे देऊ करू नकोस. चार वर्षं ज्यांच्या हाताखाली काढलीस त्यांच्यासमोर पाकीट ठेवलंस तर त्यांना ते टोचेल, आणि घेतलंच तर पुढच्या वेळी ते मोकळेपणाने ‘हे चुकलंय’ म्हणायला कचरतील. चवथीला माटोळीसाठी केळ्यांचा घड नेलास, परसातली तवशी नेलीस, तर ती रीतच आहे. तिचा मोबदला करू नकोस.

पण ज्या क्षणी तू ‘सर, डिझाइन एकदा बघून द्या’ म्हणतोस, त्या क्षणी गोष्ट बदलते. तपासणारा माणूस चूक सुटली तर गुंततो, निदान स्वतःच्या मनात तरी. ते काम घरमालकाला सांगून, लेखी, फी ठरवून द्यायचं. मी तळमजला अधिक दोनचं घर तपासायचं असेल तर डिझाइनच्या फीचा पाचवा ते चौथा हिस्सा घेतो. तुझ्या सरांचा हिशेब त्यांचा. तेवढी फी तुझ्या कामातून निघत नसेल तर तू काम स्वस्तात घेतलंस, आणि तो तोटा आजवर सर भरून काढत होते. आठ महिन्यांत अशी किती घरं ‘नुसती नजर टाका’ म्हणून त्यांच्याकडे गेली, ते एकदा कागदावर मोज.

हे बिघडायला लागलं की कसं कळतं? सरांची उत्तरं आखूड होतात, ‘तुला काय वाटतं ते कर’ वाढतं. हे कंटाळ्याचं असू शकतं किंवा तू तयार झालास याचंही. फरक कळायला मागची पानं काढ. तुझं उत्तर आणि शेवटी ठरलेलं उत्तर दोन-तीन वेळा सारखंच निघालं असेल तर तू तयार झालायस, अंतर वाढव. तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत पुन्हा आला असेल तर ते कंटाळलेत. याहून वाईट खूण म्हणजे सर पेन घेऊन तुझ्या पानावर स्वतःच आकडे मांडायला लागतात. दोघांनाही मजा येते, चाळीस मिनिटांचा दीड तास होतो, आणि तुझं डिझाइन ते करत असतात. तिथे तू पान आपल्याकडे ओढून ‘सर, हे मी करून आणतो’ म्हणायचं. माझ्याकडे तिने ते एकदा केलं. मी जरा वरमलो, पण पेन ठेवलं.

डिसेंबरात तिने ठरल्याप्रमाणे थांबवलं. शेवटच्या शनिवारी सहाऐवजी पाच पानं टेबलावर पसरली आणि विचारलं, यातलं कुठलं मी विचारायलाच नको होतं? मी एक दाखवलं. जानेवारीपासून महिन्यातून एकदा ठरलं. आता ती तीन-चार महिन्यांतून येते. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या घराच्या गळक्या स्लॅबबद्दल मीच तिला फोन केला होता.

तुझ्या सरांना पाठवताना तारखा त्यांच्या वर्षाकडे बघून घाल. त्यांच्या गावची जत्रा, चवथ, घरातलं लग्नकार्य हे तुला चार वर्षांत कळलंच असेल. आणि ते दोन न उचललेले फोन मजकुरात आणू नकोस. ‘तुम्ही फोन उचलला नाहीत म्हणून लिहितोय’ असं वाचलं की पहिल्या ओळीतच त्यांना खुलासा द्यावा लागेल, आणि तो त्यांच्याकडे नाही.